मृत्युदरांची तुलना करताना वयाचा हिशेब का करावा लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त आहे, हे खरं आहे का?

खरं आहे. एसआरएस म्हणजे केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी योजनेच्या २०२० सालच्या आकड्यांनुसार केरळमध्ये दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला ७.० मृत्यू झाले आणि बिहारमध्ये ५.४. देशाची सरासरी होती ६.०. म्हणजे केरळ सरासरीच्या वर आणि बिहार खाली.

हा आकडा कुठे ना कुठे फिरत असतो आणि त्यासोबत ‘कुठे गेलं ते केरळ मॉडेल?’ असा शेराही असतो. आकडा बरोबर आहे, शेरा चूक. त्याच पत्रकात दुसरा एक रकाना आहे, अर्भक मृत्युदराचा. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळमध्ये ६, बिहारमध्ये २७. बाळं दगावण्याचं प्रमाण ज्या राज्यात बिहारच्या पाव हिश्शाहूनही कमी, तिथे एकूण मृत्युदर मात्र जास्त, हे कोडं सुटतं ते माणसांची वयं पाहिल्यावर.

मग फरक नेमका कुठून येतो?

२०११ च्या जनगणनेत केरळमधली १२.६ टक्के माणसं साठी ओलांडलेली होती, बिहारमधली ७.४ टक्के. उलट चौदा वर्षांपर्यंतची मुलं बिहारमध्ये ४० टक्के आणि केरळमध्ये जेमतेम २३ टक्के.

दहा-बारा वर्षांचं मूल मरण्याची शक्यता कुठल्याही प्रांतात फारच कमी असते. पंच्याहत्तरीच्या माणसाची त्याच्या कित्येक पटींनी जास्त. साधा मृत्युदर काढताना आपण सगळे मृत्यू एकत्र मोजतो, सगळी लोकसंख्या एकत्र मोजतो आणि भागाकार करतो. त्या भागाकारात दोन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात: त्या त्या वयाची माणसं किती मरतात आणि त्या त्या वयाची माणसं मुळात आहेत किती. तुलना करणाऱ्याला पहिली गोष्ट हवी असते, आकडा मात्र दोन्हींची मिसळ देतो. म्हणून या आकड्याला ढोबळ मृत्युदर म्हणतात.

प्रत्येक वयोगटात एक प्रांत सरस असूनही त्याचा एकूण दर वाईट निघू शकतो? पटत नाही.

गणित करून पाहू. वयोगटांचं प्रमाण २०११ च्या जनगणनेतलं, पूर्णांकात आणलेलं. वयोगटनिहाय मृत्युदर मात्र मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, ते प्रत्यक्षातले समजू नका. बिहारचा दर तिन्ही वयोगटांत मुद्दाम जास्त ठेवला आहे. दोन्हीकडची लोकसंख्या एकेक लाख धरू.

| वयोगट | केरळ: माणसं | दर हजारी | मृत्यू | बिहार: माणसं | दर हजारी | मृत्यू |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–१४ | २३,००० | १ | २३ | ४०,००० | ३ | १२० |
| १५–५९ | ६४,००० | २.५ | १६० | ५३,००० | ३ | १५९ |
| ६० व पुढे | १३,००० | ३८ | ४९४ | ७,००० | ४५ | ३१५ |
| एकूण | १,००,००० | | ६७७ | १,००,००० | | ५९४ |

केरळचा ढोबळ दर हजारी ६.८, बिहारचा ५.९. तिन्ही ओळींत केरळ सरस, बेरजेत मात्र मागे. तिसरी ओळ नीट पाहा. केरळमधले ६७७ पैकी ४९४ मृत्यू एकट्या त्या ओळीतले आहेत. बिहारमध्ये म्हाताऱ्या माणसाला मरणाचा धोका जास्त आहे, पण म्हातारी माणसंच निम्मी असल्यामुळे मृत्यूंची संख्या कमी भरते.

‘वय प्रमाणित’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन्ही प्रांतांना एकाच वयोरचनेची लोकसंख्या द्यायची आणि विचारायचं: तुमचे वयोगटनिहाय दर या लोकसंख्येला लावले तर किती माणसं मरतील? या सामाईक लोकसंख्येला प्रमाण लोकसंख्या म्हणतात.

इथे भारताची २०११ ची वयोरचना घेऊ. ती ढोबळमानाने ३१ टक्के मुलं, ६० टक्के मधली आणि ९ टक्के साठीपुढची आहे. म्हणजे लाखात ३१,०००, ६०,००० आणि ९,०००.

केरळचे दर लावले की मुलांचे ३१, मधल्यांचे १५० आणि वृद्धांचे ३४२ मृत्यू होतात. एकूण ५२३.

बिहारचे दर लावले की ९३, १८० आणि ४०५. एकूण ६७८.

आता केरळ हजारी ५.२ आणि बिहार ६.८. ढोबळ दरात जो मागे होता तो पुढे आला. आपण एकाही माणसाचा मृत्यू वाढवला नाही की घटवला नाही, फक्त दोघांना एकाच वजनाने तोललं. या रीतीला प्रत्यक्ष प्रमाणीकरण म्हणतात.

एक्सेलमध्ये हे कसं करतात?

B रकान्यात वयोगटनिहाय दर आणि C रकान्यात प्रमाण लोकसंख्या भरा. मग एकच सूत्र पुरतं:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(C2:C4)
```

चूक होते ती सूत्रात नव्हे, रकान्यांत. दर एका पत्रकात पाच-पाच वर्षांच्या गटांचे असतात आणि लोकसंख्या दुसऱ्या पत्रकात दहा-दहा वर्षांची. ओळी एकास एक जुळत नसतील तरी एक्सेल निमूटपणे उत्तर देतं. पडताळा सोपा आहे. C रकान्यात प्रमाण लोकसंख्येऐवजी त्याच प्रांताची स्वतःची लोकसंख्या भरून बघा, ढोबळ दर जसाच्या तसा परत यायला हवा. नाही आला तर ओळी सरकल्या आहेत.

प्रमाण लोकसंख्या बदलली तर उत्तर बदलतं. मग ही सोयीची आकडेमोड नाही का?

आकडा बदलतो, हे मान्यच करायला हवं. वरच्याच उदाहरणात भारताऐवजी केरळची वयोरचना प्रमाण धरली तर केरळ ६.८ वर राहतो आणि बिहार ८.५ वर जातो. बिहारची धरली तर केरळ ४.४ आणि बिहार ५.९. बिहारचा दर केरळच्या किती पट हे पाहिलं तर तीन वयोरचनांची उत्तरं १.२५, १.३० आणि १.३५ अशी येतात. पट थोडी हलते, क्रम हलत नाही.

म्हणून प्रमाणित दराला स्वतःचा असा अर्थ नसतो, हे पक्कं लक्षात ठेवावं. ‘केरळमध्ये हजारी ५.२ माणसं मरतात’ असं म्हणणं चूकच, कारण तेवढी कुठेच मरत नाहीत. तो आकडा फक्त त्याच प्रमाण लोकसंख्येवर काढलेल्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवण्यापुरता असतो. अमेरिकेने १९९९ च्या आकडेवारीपासून १९४० ची प्रमाण लोकसंख्या सोडून २००० ची घेतली, तेव्हा तिथला प्रमाणित मृत्युदर कागदावर जवळजवळ दुप्पट झाला. देशात काही अघटित घडलं नव्हतं, नव्या प्रमाणात म्हाताऱ्यांचा वाटा मोठा होता इतकंच. जुन्या अहवालातला आकडा नव्याशेजारी ठेवणाऱ्याची मात्र तिथे चांगलीच फसगत झाली असती.

देशादेशांच्या तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रमाण लोकसंख्या आहे. २००० ते २०२५ या काळातल्या जगाच्या सरासरी वयोरचनेवर ती बेतलेली आहे. राज्यांची आपसात तुलना करायची असेल तर देशाची वयोरचना घेणं मला जास्त सरळ वाटतं. काहीही घ्या, पण कोणती घेतली ते तक्त्याखाली लिहा. ते लिहिलेलं नसेल तर त्या तक्त्यावर वेळ घालवू नये.

क्रमच उलटला असं कधी होतं का?

होतं. आपल्या उदाहरणात एक प्रांत प्रत्येक वयात सरस होता, म्हणून क्रम टिकला. समजा एका भागात मुलं जास्त दगावतात पण जगली-वाचली ती माणसं म्हातारपणी तुलनेने तग धरतात. दुसरीकडे मुलं वाचतात, पण पन्नाशीनंतर हृदयविकार आणि मधुमेह बरीच माणसं नेतात. दोघांचे दर वयाच्या अक्षावर आखले तर रेघा एकमेकींना छेदतील. अशा वेळी तरुण वयोरचना प्रमाण धरली की दुसरा भाग चांगला ठरतो, म्हातारी धरली की पहिला. दोन्ही उत्तरं बरोबर आणि दोन्ही अपुरी. रेघा छेदत असतील तर एका आकड्याचा हट्ट सोडावा आणि वयोगटनिहाय दरच छापावेत. म्हणूनच प्रमाणित दर काढण्याआधी ते एकदा आखून बघायचे असतात.

माझ्याकडे एका तालुक्याचे आकडे आहेत. वयोगटांत मृत्यू फारच थोडे आहेत. काय करू?

मग प्रत्यक्ष रीत चालणार नाही. पाच ते नऊ वर्षांच्या गटात वर्षाला दोन मृत्यू असतील तर पुढच्या वर्षी तिसरा झाला की दर दीडपट होतो. असल्या दरावर प्रमाण लोकसंख्येचं वजन टाकणं म्हणजे योगायोगाला मोठं करणं. इथे उलट दिशेने जातात: दर मोठ्या प्रदेशाचे घ्यायचे आणि लोकसंख्या आपली.

कोकणातला एक तालुका कल्पून घेऊ, कारण हा प्रश्न तिथे हटकून येतो. कमावती माणसं मुंबईला, घरात आईवडील. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली, त्यात या जाण्याचा मोठा हात. आपल्या कल्पित तालुक्यात ५०,००० माणसं धरू: ९,००० मुलं, ३१,००० मधल्या वयाची, १०,००० साठीपुढची. वर्षात मृत्यू झाले ४६०. ढोबळ दर हजारी ९.२. जिल्ह्याच्या बैठकीत हा आकडा आला की तालुका आरोग्य अधिकाऱ्याला उभं करतात.

आता राज्याचे दर (हेही गणितापुरते) १.५, २.५ आणि ४० धरले, तर या तालुक्यात किती मृत्यू अपेक्षित होते? मुलांचे साडेतेरा, मधल्यांचे साडेसत्त्याहत्तर, वृद्धांचे चारशे. बेरीज ४९१. झाले ४६०. भागाकार ०.९४, म्हणजे शंभराच्या मापात ९४. अपेक्षेपेक्षा किंचित कमीच. या गुणोत्तराला प्रमाणित मृत्यू गुणोत्तर म्हणतात आणि रीतीला अप्रत्यक्ष प्रमाणीकरण. यासाठी तालुक्याचे वयोगटनिहाय मृत्यू लागतच नाहीत, एकूण मृत्यू आणि लोकसंख्येची वयवारी पुरते. ग्रामपंचायतींच्या नोंदवहीत मृतांचं वय अंदाजे टाकलेलं असतं तिथे ही मोठीच सोय आहे.

पण ९४ म्हणजे आपला तालुका राज्यापेक्षा चांगला, अशी बातमी लगेच देऊ नका. मृत्यूंचा आकडा योगायोगाने साधारण आपल्या वर्गमूळाइतका वरखाली होतो. ४६० चं वर्गमूळ साधारण २१. त्याची दुप्पट, ४२, मागेपुढे धरली तर मृत्यू ४१८ ते ५०२ च्या दरम्यान कुठेही असू शकले असते. गुणोत्तर मग ८५ ते १०२ मध्ये येतं. शंभर त्या पट्ट्यात बसतात. म्हणजे तालुका राज्यासारखाच आहे, एवढंच म्हणता येतं. तीन वर्षांचे मृत्यू एकत्र केले तर पट्टा आवळतो.

दोन तालुक्यांची गुणोत्तरं एकमेकांशी लावून पाहिली तर?

जपून. ९४ हा आकडा या तालुक्याच्या स्वतःच्या वयोरचनेवर तोललेला आहे, शेजारच्याचा ११० त्याच्या वयोरचनेवर. दोघांची तुलना राज्याशी चोख आहे, आपसातली नाही. वयोरचना सारख्याच असतील तर फारसं बिघडत नाही. एक तालुका म्हाताऱ्यांचा आणि दुसरा औद्योगिक वसाहतीचा असेल तर क्रमवारी लावूच नये.

साठीपुढचे सगळे एका गटात टाकले तर चालतं का?

वर मी टाकले, पण ते समजावण्यापुरतं. प्रौढ वयात मृत्यूचा धोका साधारण दर आठेक वर्षांनी दुप्पट होतो. एकसष्ट वर्षांचा आणि पंच्याऐंशीचा एकाच ओळीत बसवला तर वयाचा परिणाम त्या ओळीच्या आत लपून राहतो. केरळमधले वृद्ध बिहारमधल्यांपेक्षा जास्त जख्ख असतील, तर प्रमाणित करूनही केरळवर थोडा अन्याय उरतोच. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट करतात आणि शेवटचा उघडा गट ८५ च्या पुढे नेतात. बाळांचं पहिलं वर्ष स्वतंत्र ठेवतात, कारण त्या वर्षातला धोका नंतरच्या चार वर्षांसारखा नसतो.

स्त्री-पुरुष वेगळे काढावेत हे ओघानं आलंच. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बायका सरासरीने जास्त जगतात, तेव्हा एकत्रित आकडा तिथे आपोआप थोडा बरा दिसतो.

एवढा खटाटोप कशाला? मरणाऱ्यांचं सरासरी वय घेतलं की झालं!

ही सूचना पावणेदोनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्यावर भांडणही तेव्हाच होऊन गेलं. एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या आपल्या गाजलेल्या अहवालात इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या वर्गांचं मृत्यूवेळचं सरासरी वय दिलं. लिव्हरपूलमधल्या मजुरांचं १५, रटलंडच्या ग्रामीण भागातल्या मजुरांचं ३८. वाचणारा हादरतोच. १८४४ मध्ये विमागणिती नीसन यांनी आक्षेप घेतला की मरणाऱ्यांचं सरासरी वय हे जिवंत माणसांच्या वयावर अवलंबून असतं. भराभर वाढणाऱ्या शहरात मुलं आणि तरुणच जास्त, तेव्हा मरणाऱ्यांतही तीच जास्त. नीसन यांनी एका जिल्ह्याचे दर दुसऱ्याच्या लोकसंख्येला लावून दाखवले आणि प्रत्यक्ष प्रमाणीकरणाची रीत तिथून रुजली. लिव्हरपूलची गटारं भयंकर होती यात वाद नाही. पण पंधरा हा आकडा सगळाच्या सगळा गटारांचा नव्हता.

आजही ‘अमुक शहरात मरणाऱ्यांचं सरासरी वय इतकं’ अशा बातम्या येतात. स्थलांतरितांनी भरलेल्या कुठल्याही शहरात तो आकडा कमीच येणार.

आयुर्मान पाहिलं तर प्रमाणित करावं लागतं का?

नाही. जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान वयोगटनिहाय दरांवरूनच बांधलेलं असतं, प्रत्यक्ष लोकसंख्येत कोण किती आहेत याचा त्यात शिरकाव नसतो. एसआरएसच्या २०१४–१८ च्या तक्त्यांत केरळचं आयुर्मान ७५.३ वर्षं आणि बिहारचं ६९.१. ढोबळ दराने घातलेला गोंधळ इथे दिसत नाही. सर्वसाधारण वाचकाला एकच आकडा द्यायचा असेल तर मी आयुर्मानच देईन. मात्र एखाद्या आजाराच्या मृत्यूंची तुलना करायची असेल, तोंडाच्या कर्करोगाची म्हणा, तर आयुर्मान कामाचं नाही. तिथे प्रमाणित दरच लागतो.

मग ढोबळ दर टाकाऊच का?

मुळीच नाही. केरळला पुढच्या वर्षी किती शववाहिन्या लागतील, वृद्धांसाठी किती खाटा ठेवाव्यात, विधवा निवृत्तिवेतनाचे अर्ज किती येतील, हे सगळं खऱ्या मृत्यूंवर ठरतं. तिथे प्रमाणित आकडा वापरणं हीच चूक ठरेल. कल्पित लोकसंख्येला स्मशानभूमी लागत नाही.

वय प्रमाणित केलं की तुलना निर्धोक झाली ना?

वयापुरती. गरिबी, तंबाखू, दवाखान्याचं अंतर हे सगळं तसंच राहतं, आणि ते राहायलाच हवं, कारण बहुतेकदा आपल्याला तेच शोधायचं असतं. मृत्यूंच्या नोंदीच नीट नसतील तर मात्र प्रमाणीकरण काहीही वाचवू शकत नाही. ज्या राज्यात दहापैकी चार मृत्यू नोंदलेच जात नाहीत त्याचा प्रमाणित दरही तेवढाच खोटा. शिवाय तो खोटेपणा सगळ्या वयांत सारखा नसतो, बाळांचे आणि घरी वारलेल्या म्हाताऱ्या बायकांचे मृत्यू आधी गळतात. राज्यांच्या तुलनेसाठी एसआरएस वापरतात ते यामुळेच. तिथे नोंद ठेवणारा वेगळा आणि सहा महिन्यांनी घरोघर जाऊन तपासणारा वेगळा असतो.

वयाचं सांगणंही सैल असतं. आजोबांचं वय विचारलं की ‘साठ’, ‘सत्तर’ अशी गोल उत्तरं येतात. वयवारीच्या आलेखावर ६०, ६५, ७० ला उंच खांब आणि मधे खड्डे दिसले तर समजावं, शेवटच्या गटांचे दर भरवशाचे नाहीत.

आणि जिल्ह्यांची तुलना करणाऱ्याने नोंदीची जागा आधी बघावी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, माणूस राहतो तिथे नव्हे. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण बऱ्याचदा गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. तो तिथे गेला तर मृत्यू गोव्याच्या वहीत चढतो, माणूस मात्र सिंधुदुर्गच्या लोकसंख्येत मोजलेला असतो. मोठं रुग्णालय असलेल्या प्रत्येक शहराचा दर असा फुगतो आणि भोवतालच्या तालुक्यांचा आक्रसतो. नोंदणीच्या अर्जात मृत व्यक्तीचा राहण्याचा पत्ता असतो. त्यावरून मृत्यू मूळ गावी वळते करून घ्यावेत आणि मगच वयाच्या हिशेबाला हात घालावा.